पूर्ण वर्ग पद्धत: घरी सहा मिनिटांचा व्हिडिओ, वर्गात पस्तीस मिनिटांचा तास

प्रश्न: मी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला बीजगणित शिकवते. पट ५५ आहे, तास ३५ मिनिटांचा. फ्लिप्ड क्लासरूम करून बघावं म्हणून दोनदा व्हिडिओ पाठवले. निम्म्या मुलांनी बघितले नाहीत, आणि ज्यांनी बघितले त्यांनाही वर्गात पुन्हा सगळं शिकवावं लागलं. आता वर्गसमीकरणांमधली पूर्ण वर्ग पद्धत अशा प्रकारे घ्यायची आहे. व्हिडिओत काय ठेवू, वर्गात काय ठेवू आणि तासाची आखणी कशी करू?

उत्तर:

मॅडम, व्हिडिओत उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवलं की वर्गात करण्यासारखं काही उरत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना तास कंटाळवाणा होतो, ज्यांनी नाही बघितलं त्यांना काहीच कळत नाही. मग आपण नाइलाजाने फळ्यावर तेच पुन्हा घेतो आणि बघून आलेली मुलंही पुढच्या वेळी बघायचं सोडून देतात. ‘वर्गात होणारच आहे’ हे त्यांना एकदा कळलं की संपलं. म्हणून आखणी तासापासून सुरू करून मागे यायची. या घटकात मुलं कुठे अडखळतात ते आधी लिहून काढा, ते सगळं वर्गासाठी राखून ठेवा आणि व्हिडिओ त्याच्या अलीकडे थांबवा.

पूर्ण वर्ग पद्धतीत अडखळण्याच्या जागा तुम्हालाही पाठ असतील. डावीकडे संख्या मिळवतात, उजवीकडे विसरतात. x² − 8x दिसलं की −16 मिळवतात, कारण ऋण चिन्ह त्यांच्या डोळ्यासमोरून हलत नाही. (x + 3)² = 49 आलं की x + 3 = 7 लिहून मोकळे होतात, दुसरं मूळ गायब. मध्यमपदाचा सहगुणक विषम आला की अपूर्णांकाला घाबरून सोडून देतात. आणि हुशार मुलं विचारतात, ‘अवयव पाडून होतंय तर हे कशाला?’ यातलं एकही व्हिडिओने सुटत नाही, कारण व्हिडिओ बघताना मुलाला आपण चुकतोय हे कळतच नाही. सरांचा हात बरोबर लिहीत असतो आणि आपल्याला कळलं असं वाटत राहतं. या चुका वहीत घडाव्या लागतात आणि तिथे आपण हजर असावं लागतं. त्यासाठीच वर्गातला वेळ मोकळा करायचा.

मग व्हिडिओसाठी उरतं ते एकच: पूर्ण वर्ग ‘करायचा’ म्हणजे चित्रात काय होतं. तेवढंच ठेवा.

व्हिडिओसाठी x² + 6x = 40 हे समीकरण घ्या. जाड रंगीत कार्डपेपरचे तुकडे कापा: एक निळा चौरस, साधारण ८ सेंटिमीटर बाजूचा, आणि एक पिवळी पट्टी, तितक्याच लांबीची आणि ६ सेंटिमीटर रुंद. टेबलावर पांढरा कागद पसरा, पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर लाकडी फूटपट्टी आडवी टाकून त्यावर फोन पडदा वर आणि मागचा कॅमेरा खाली येईल असा ठेवा, म्हणजे वरून फक्त कागद आणि तुमचा हात दिसेल. चेहरा दिसायची गरज नाही. पंखा बंद करा, नाहीतर आवाज घुमतो. स्केचपेनने मोठं लिहा, कारण मुलं हे पाच-साडेपाच इंची पडद्यावर बघणार आहेत.

पहिल्या मिनिटात निळा चौरस ठेवा. बाजू x, म्हणून क्षेत्रफळ x². त्याला लागून पिवळी पट्टी ठेवा, लांबी x, रुंदी 6, क्षेत्रफळ 6x. दोन्ही मिळून 40. इथे एक वाक्य बोलायला विसरू नका: ‘x किती ते आपल्याला माहीत नाही, चित्र अंदाजे आहे, मोजपट्टी लावू नका.’ हे सांगितलं नाही तर दोन-चार मुलं पडद्यावर मोजून येतात.

आता पिवळी पट्टी कॅमेऱ्यासमोर कात्रीने उभी अर्धी कापा. 3 रुंदीचे दोन तुकडे होतात. एक चौरसाच्या उजवीकडे राहू द्या, दुसरा खाली लावा. आकृती जवळपास मोठा चौरस झाली, फक्त उजवीकडे खाली एक कोपरा रिकामा राहिला. इथे कागदावर मोठ्या अक्षरात ‘थांबा’ लिहून ठेवा आणि बोला: ‘व्हिडिओ थांबवा. रिकाम्या कोपऱ्याचं क्षेत्रफळ किती, ते वहीत लिहा. मग पुढे चला.’ त्यानंतर लाल रंगाचा 3 × 3 चा तुकडा कोपऱ्यात ठेवा. नऊ एकक नवीन आले, त्यामुळे एकूण क्षेत्रफळही 40 चं 49 झालं. हे बोलत असतानाच तुकड्यांच्या खाली लिहा:

x² + 6x + 9 = 40 + 9

(x + 3)² = 49

उजवीकडे 9 का मिळवायचे, याचं कारण इथे आपोआप दिसतं. ‘दोन्ही बाजूंना समान संख्या मिळवा’ हा नियम पाठ करण्यापेक्षा ‘कागद वाढला म्हणून एकूण वाढलं’ हे दहावीच्या मुलाला जास्त लक्षात राहतं.

व्हिडिओ इथेच संपवा. x काढून दाखवू नका. हे सगळ्यात अवघड जातं, कारण हात शिवशिवतो, एक ओळ लिहिली की उत्तर येणार असतं. पण ती ओळ वर्गाची आहे.

एवढं सगळं पाच ते सहा मिनिटांत बसतं. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी व्हिडिओ प्रत्यक्ष किती वेळ बघतात ते तपासलं. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तिथे बहुतेक विद्यार्थी स्वेच्छेने शिकायला आलेले होते. आपल्या मुलांच्या हातात रात्री नऊला वडिलांचा फोन येतो आणि त्यावर बाकी बरंच काही असतं. म्हणून सुरुवातीचं ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’, मागच्या पाठाची उजळणी, वर्गसमीकरणाची व्याख्या, सगळं गाळा. पहिल्याच वाक्यात निळा चौरस टेबलावर यावा. रेकॉर्डिंग ४८० पिक्सेलवर केलं तरी पुरतं. फाइल लहान राहते आणि व्हॉट्सॲपवर उतरवायला डेटा कमी लागतो.

तयार व्हिडिओ का नको, असं कोणी विचारेल. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर साहित्य मिळतं, यूट्यूबवरही मराठीत पुष्कळ आहे. उजळणीला ते वापरा. पण त्या व्हिडिओंत उदाहरण शेवटपर्यंत सोडवलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं अर्ध्यावर थांबलेलं हवंय. शिवाय आपल्या बाईंचा आवाज आहे म्हणून मुलं बघतात, हाही भाग आहेच.

चिठ्ठी

व्हिडिओबरोबर एक चिठ्ठी जोडा, नाहीतर बघितलं की नाही हे कळायला मार्ग नाही. वहीऐवजी पाव पानाची चिठ्ठी बरी, कारण ५५ वह्या उघडण्यात वेळ जातो आणि चिठ्ठ्यांचे ढीग पटकन लागतात. चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात.

पहिली, तशीच आकृती काढून कोपऱ्याचं क्षेत्रफळ आणि पुढची ओळ लिहायची. विषम हजेरी क्रमांकांना x² + 10x = 39 द्या, सम क्रमांकांना x² + 12x = 45. विषमवाल्यांचं (x + 5)² = 64 येतं, समवाल्यांचं (x + 6)² = 81. शेजारच्याची चिठ्ठी सकाळी उतरवली असेल तर चुकीच्या क्रमांकावर चुकीचं समीकरण दिसतं. त्यावर रागावण्याची गरज नाही, फक्त ती चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठ्यांच्या ढिगात टाका.

दुसरी, (x + 3)² = 49 यावरून x काढा. ‘सर्व किमती काढा’ असं लिहू नका. किती मुलं एकाच किमतीवर थांबतात, हेच आपल्याला बघायचंय.

तिसरी, x² − 8x याचा पूर्ण वर्ग व्हायला काय मिळवावं लागेल, अंदाज करा. हे व्हिडिओत नाही आणि मुद्दामच नाही. चौथी, एक ओळ: व्हिडिओत कुठे थांबून परत बघावं लागलं? ‘कुठेच नाही’ असं सगळ्यांनी लिहिलं तर कोणी लक्ष देऊन बघितलं नाही, असं समजायला हरकत नाही. खरं बघणारी मुलं लिहितात, ‘पट्टी खाली लावली तिथे’.

व्हिडिओ तासाच्या दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे फोन हातात यायला दोन संध्याकाळी मिळतात. त्या दोन दिवसांत गणिताचा दुसरा गृहपाठ देऊ नका. व्हिडिओ गृहपाठाच्या जागी यावा, डोक्यावर जास्तीचा नको. फोनच नसलेल्या मुलांसाठी व्हिडिओतली पाच चित्रं एका पानावर काढून झेरॉक्स करा: चौरस, चौरस आणि पट्टी, कापलेली पट्टी, रिकामा कोपरा, भरलेला कोपरा. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य. हे पान शंभर टक्के व्हिडिओचं काम करत नाही, पण चिठ्ठी भरण्याइतकं नक्की करतं. एका वाड्यातली किंवा सोसायटीतली तीन-चार मुलं एका फोनवर बघत असतील तर त्याला उत्तेजन द्या. त्यात ती आपसात बोलतात, तेही आपल्याला हवंच आहे.

आणखी एक. मुलांना व्हिडिओ ‘बघायची’ सवय असते, थांबवून लिहायची नसते. त्यामुळे वर्षातला पहिला असा व्हिडिओ घरी न पाठवता वर्गातच प्रोजेक्टरवर लावा. ‘थांबा’ आलं की खरंच थांबवा, सगळ्यांना लिहू द्या, मग पुढे चला. अर्धा तास खर्च होतो, पण घरी काय करायचंय ते मुलांना त्यातून कळतं. ‘नीट बघा रे’ सांगून कळत नाही.

तासाआधीची दहा मिनिटं

चिठ्ठ्या परिपाठाच्या वेळी वर्गप्रमुखाकडून गोळा करून घ्या आणि तासाआधीच्या सुट्टीत ढीग लावा. पहिल्या प्रश्नाकडे नजर टाका, पण ढीग दुसऱ्या आणि तिसऱ्यावरून लावा. मार्क देत बसू नका.

समजा ५५ पैकी १० चिठ्ठ्या कोऱ्या किंवा उतरवलेल्या निघाल्या. राहिल्या ४५. त्यातल्या ३८ जणांचा कोपरा बरोबर आहे, म्हणजे व्हिडिओने त्याचं काम केलं. दुसऱ्या प्रश्नात ३३ जणांनी फक्त x = 4 लिहिलंय, १२ जणांनी 4 आणि −10. तिसऱ्यात २५ जणांनी −16 लिहिलंय, १४ जणांनी 16, बाकीच्यांनी −8, 64 असं काहीतरी. या आकड्यांवरून तासाचा वेळ वाटायचा. कोपऱ्यावर एक मिनिटही खर्च करायचं नाही, दुसऱ्या मुळावर आणि ऋण चिन्हावर भरपूर द्यायचा. उलट कोपराच १५ जणांचा बरोबर आला असता तर व्हिडिओ फसलाय, तासाची आखणी बाजूला ठेवून कार्डपेपर वर्गात न्यावा लागला असता. तसंही होतं कधीकधी. मग उरलेला भाग दुसऱ्या दिवशी.

तास

वर्गात शिरताच न बघितलेल्या दहा जणांना मागच्या दोन बाकांवर बसवा, पाच चित्रांचं पान आणि कोरी चिठ्ठी द्या. सात-आठ मिनिटांत चिठ्ठी भरायची आणि वर्गात सामील व्हायचं. सगळ्यांसमोर बोलू नका, शिक्षा नको. पण त्यांच्यासाठी संपूर्ण वर्गाला पुन्हा पहिल्यापासून शिकवूही नका. या एका ठिकाणी शिक्षक विरघळले की पद्धत कोसळते.

इकडे बाकीच्यांसाठी फळ्यावर (x + 3)² = 49 लिहा आणि विचारा, x च्या किती किमती? बोटांनी मत घ्या, एक किंवा दोन, छातीजवळ हात धरून, म्हणजे शेजाऱ्याची बोटं दिसत नाहीत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांच्या पद्धतीत एक सोपा ठोकताळा आहे. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर मुलांना आपसात बोलू द्यायचं. त्याहून कमी असतील तर आपण मदत करायची, त्याहून जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. आपल्याकडे ४५ पैकी १२, म्हणजे त्या पट्ट्याच्या थोडं खाली. म्हणून आधी एक इशारा द्या: ‘x च्या जागी −10 ठेवून मूळ समीकरण तपासा.’ मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा.

(−10)² + 6(−10) = 100 − 60 = 40. बरोबर येतं. आता वर्गात खरा गोंधळ होतो, आणि तो झालाच पाहिजे. एखादी मुलगी विचारते, ‘बाई, पण बाजूची लांबी ऋण कशी असेल?’ हा प्रश्न निघावा म्हणूनच व्हिडिओ क्षेत्रफळाच्या चित्रावर बेतलेला होता. तिला सांगा, प्रश्न अगदी बरोबर आहे. चित्रातून एकच मूळ दिसतं, कारण चित्रात x ही लांबी आहे. समीकरणात मात्र x लांबी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, ते आपण समजण्यासाठी धरलं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने x² + 10x = 39 हेच समीकरण अशाच चौरस-पट्ट्यांनी सोडवलं आणि उत्तर 3 एवढंच घेतलं, −13 घेतलं नाही. विषम क्रमांकवाल्यांनी घरी तेच समीकरण केलेलं असतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांना आपली वाटते. पुढे शाब्दिक उदाहरणांत शेताची लांबी किंवा माणसाचं वय आलं की ऋण मूळ आपण का सोडतो, याचाही पाया इथेच पडतो. मग फळ्यावर ± लिहून दोन ओळी करा. सहा-सात मिनिटं झाली असतील.

आता ऋण चिन्ह. चार-चार जणांच्या गटाला पताकांच्या कागदाचा १६ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस द्या. या वेळी x ची किंमत ठरलेली आहे, x = 16, त्यामुळे मोजपट्टी चालेल. सूचना अशी: या चौरसातून 8x काढून टाकायचंय, म्हणजे 4 रुंद आणि 16 लांब अशा दोन पट्ट्या. एक उजवीकडून कापा, एक खालून.

पहिली पट्टी सहज कापली जाते. दुसरी खालून कापायला घेतात आणि अडतात. पट्टी १६ लांब हवी, पण कागद १२ च उरलाय. कोपरा पहिल्या पट्टीबरोबर आधीच गेलेला असतो. ‘4 बाय 4 चा तुकडा कमी पडतोय!’ हे एकदा कुठल्यातरी बाकावरून ओरडून येतं आणि पाठोपाठ बाकीच्यांच्या लक्षात येतं. म्हणजे दोन पूर्ण पट्ट्या काढायला 4 × 4 चा एक तुकडा बाहेरून आणून द्यावा लागेल. आणून द्यायचा, म्हणून अधिक 16. हिशोबही बसतो: 256 − 128 = 128, त्यात 16 मिळवले की 144, आणि उरलेला चौरस 12 × 12 चा, तोही 144. फळ्यावर लिहा:

x² − 8x + 16 = (x − 4)²

चिठ्ठीवर −16 लिहिलेली मुलं इथे स्वतःहून खोडतात. ‘निमपट करा, वर्ग करा, वर्ग नेहमी धन’ हा नियम आता सांगा. आधी सांगितला असता तर पुढच्या आठवड्यात विसरले असते. या कामाला आठ मिनिटं धरा. कागद घरून कापून न्या. वर्गात मोजून कापायला बसलात तर तास तिथेच संपतो.

पुढची दहा-बारा मिनिटं सोडवण्याची. चार उदाहरणं फळ्यावर एकदम लिहा आणि गटात जमेल तितकी करू द्या:

x² + 8x − 48 = 0

x² − 8x + 7 = 0

x² + 5x + 6 = 0

x² + 2x − 5 = 0

यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्यात (x + 4)² = 64, मुळे 4 आणि −12, म्हणजे व्हिडिओसारखंच, हात बसायला. दुसऱ्यात आत्ताच कापलेली आकृती वापरायची, (x − 4)² = 9, मुळे 7 आणि 1. तिसऱ्यात सहगुणक विषम, त्यामुळे 25/4 मिळवावे लागतात, (x + 5/2)² = 1/4, मुळे −2 आणि −3. इथे अवयव पाडून लगेच पडताळा घेता येतो, त्यामुळे अपूर्णांकाची भीती थोडी कमी होते. चौथ्यात अवयव पाडायला जातात आणि पडत नाहीत. गुणाकार −5 आणि बेरीज 2 असे पूर्णांक मिळतच नाहीत. पूर्ण वर्ग केला की (x + 1)² = 6, म्हणून x = −1 ± √6. ‘हे कशाला’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे चौथं उदाहरण. मुलांनी स्वतः अवयव शोधून हात टेकल्याशिवाय ते पटत नाही, म्हणून ‘अवयव पडत नाहीत’ हे आधी सांगू नका.

या वेळात तुम्ही फळ्याजवळ थांबायचं नाही. आधी मागच्या दोन बाकांवर जा, मग ज्यांचे कोपरे चुकले होते त्यांच्याकडे. ते सात जण कोण हे चिठ्ठ्यांवरून माहीत आहेच. एका बाकावर दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मुलाच्या वहीत आपल्या पेनने काही लिहू नका. बोट ठेवून विचारा: ‘हे 16 कुठून आले?’ एवढं पुरतं.

शेवटच्या पाच-सहा मिनिटांत फळ्यावर एक चुकलेली उकल लिहा, कोणाची ते न सांगता:

x² − 6x + 5 = 0

x² − 6x = −5

x² − 6x + 9 = −5

(x − 3)² = −5

‘वर्ग ऋण नसतो, म्हणून या समीकरणाला वास्तव मुळे नाहीत.’ बरोबर की चूक? शेवटचं वाक्य इतकं शहाणपणाचं वाटतं की चांगली मुलंही मान डोलावतात. मग सांगा, x = 1 ठेवून बघा. 1 − 6 + 5 = 0. मूळ तर आहे, मग चूक वरच्या तीन ओळींत कुठेतरी असलीच पाहिजे. तिसऱ्या ओळीत उजवीकडचे 9 राहिलेत हे मुलं शोधतात. खरं म्हणजे (x − 3)² = 4, मुळे 5 आणि 1. व्हिडिओतला लाल तुकडा इथे पुन्हा आठवून द्या: कागद ठेवला पण एकूणमध्ये धरला नाही.

बाहेर पडताना एकच उदाहरण, पुन्हा पाव पानावर: x² + 4x − 21 = 0. (x + 2)² = 25, मुळे 3 आणि −7. उदाहरण सोपंच ठेवा, कारण आपल्याला दोनच गोष्टी बघायच्यात: दोन्ही बाजूंना 4 मिळवले का, आणि दोन्ही मुळे लिहिली का.

बाहेर पडतानाच्या या चिठ्ठ्या आत येतानाच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवल्या की तासाचा जमाखर्च कळतो. एकाच मुळावर थांबणारी ३३ जणं होती, ती आता किती उरली? निम्म्याहून जास्त उरली असतील तर चर्चेत मोजकीच मुलं बोलली आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकलं, असा अर्थ. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं तिथे द्यावी लागतील. मागच्या बाकांवरच्या दहांपैकी किती जणांना आलं, हेही बघा. ती मुलं शेवटपर्यंत मागेच राहत असतील तर पाच चित्रांचं पान सुधारायला हवं, किंवा त्यांना गटांत लवकर मिसळायला हवं.

x² चा सहगुणक 1 नसलेली उदाहरणं या तासात अजिबात आणू नका, ती दुसऱ्या दिवशीची. त्या दिवसाला व्हिडिओही नको, थेट वर्गातच घ्या. लवकर संपवणाऱ्या मुलांसाठी तेव्हा श्रीधराचार्यांची रीत ठेवा. भास्कराचार्यांनी ती त्यांच्याच नावाने नोंदवलेली आहे: समीकरणाला 4a ने गुणायचं आणि b² मिळवायचं, म्हणजे अपूर्णांक येतच नाहीत. x² + 5x + 6 = 0 ला 4 ने गुणलं की 4x² + 20x = −24, दोन्हीकडे 25 मिळवले की (2x + 5)² = 1. आदल्या दिवशी 25/4 शी झगडलेल्या मुलांना हे बघून काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि ही रीत ax² + bx + c = 0 ला लावली की सूत्र पद्धतीचं सूत्रच हातात येतं, त्यामुळे पुढचा भागही जोडला जातो.

बाकी प्रकरणांबाबत एवढंच सांगेन की सगळं असं करायला जाऊ नका. एका प्रकरणात एखाद-दुसरा तास पुरे. जिथे एक ठरावीक कृती आहे आणि तिच्यामागे हलवून दाखवता येईल असं चित्र आहे, तिथे व्हिडिओ आधी चालतो. अंकगणिती श्रेढीतली n पदांची बेरीज अशी आहे, जिना आणि उलटा ठेवलेला जिना जोडून दाखवता येतो. भूमितीत वर्तुळाच्या प्रकरणातलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय मात्र तसं नाही. तिथे मुलांनी आधी स्वतः दहा कोन काढून मोजावेत, ‘हे नेहमीच निम्मं येतंय’ हे त्यांच्या तोंडून यावं आणि मग सिद्धता. व्हिडिओ आधी दिला तर तो शोध त्यांच्या हातून जातो. तिथे व्हिडिओ द्यायचाच असेल तर तासानंतर द्या, सिद्धतेच्या उजळणीसाठी.